आधारग्रंथातील विसंगती आणि संपादकाचे उत्तरदायित्व : महाभारताच्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीच्या निमित्ताने

प्रास्ताविक

एखादा प्राचीन ग्रंथ स्वतःच्याच विधानाशी विसंगत बोलू लागला की अभ्यासकासमोर दोन मार्ग असतात. दोन्ही विधानांचा मेळ बसेल असा अर्थ लावून पुढे जाणे हा एक मार्ग. विसंगती जशी आहे तशी नोंदवून तिचे कारण शोधणे हा दुसरा. पहिला मार्ग आपल्याकडे अधिक रुळलेला आहे. पुराणांतील कथा परस्परांशी जुळल्या नाहीत, तर त्या वेगवेगळ्या कल्पांत घडल्या असे म्हणण्याची, म्हणजे 'कल्पभेदा'ची, सोय टीकाकारांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. श्रद्धेच्या दृष्टीने ही सोय समजण्यासारखी आहे. मात्र ग्रंथाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर तिने प्रश्न सुटत नाही, तो केवळ दृष्टीआड होतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य 1966 साली पूर्ण झाले. 1925 पासून या आवृत्तीचे प्रमुख संपादक असलेल्या डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाचे संपादन केले आणि 1933 साली ते पर्व 'प्रोलेगोमेना' या विस्तृत प्रस्तावनेसह पूर्ण झाले. प्रस्तुत लेखात आदिपर्वातील तीन विसंगतींचा विचार केला आहे. ग्रंथातील विसंगती केव्हा राखावी, केव्हा ती प्रक्षेपाची खूण मानावी आणि केव्हा उत्तर न देता नोंदवून ठेवावी, हे या तीन उदाहरणांतून स्पष्ट होते. त्याबरोबरच चिकित्सक आवृत्तीच्या वापरातून निर्माण होणाऱ्या एका नव्या सपाटीकरणाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे.

एकाच ग्रंथाचे दोन आरंभ

आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायाची सुरुवात एका गद्य वाक्याने होते. नैमिषारण्यात कुलपती शौनकाचे बारा वर्षांचे सत्र चालू असताना लोमहर्षणाचा पुत्र उग्रश्रवा सौती तेथे येतो. ऋषी त्याचे स्वागत करतात आणि कोठून आलास असे विचारतात. जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने सांगितलेल्या व्यासप्रणीत कथा आपण ऐकल्या, त्यानंतर अनेक तीर्थे आणि समंतपंचक पाहून येथे आलो, असे तो सांगतो. मग ऋषी त्याच्याकडे व्यासांच्या भारतसंहितेचीच मागणी करतात आणि सौती कथनास प्रारंभ करतो. पहिल्या अध्यायात अनुक्रमणी येते, दुसऱ्यात पर्वसंग्रह आणि तिसऱ्यात उत्तंकाची कथा असलेले पौष्यपर्व.

चौथा अध्याय उघडला की तेच गद्य वाक्य पुन्हा समोर येते. सौती जणू आताच येऊन पोचला आहे. तो हात जोडून विचारतो की आपणांस काय ऐकावयाचे आहे? आधी झालेल्या मागणीचा आणि तीन अध्यायांच्या निवेदनाचा कोणालाही पत्ता नाही. ऋषी त्याला थांबावयास सांगतात, कारण शौनक अग्निशाळेत आहेत. ते येऊन आसनस्थ झाले की जे विचारतील ते सांग, असे त्यांचे म्हणणे असते. पाचव्या अध्यायात शौनक विचारतात ते भारताविषयी नव्हे, तर भृगुवंशाविषयी. त्यामुळे भारतकथेची वाट पाहणाऱ्या वाचकाला आधी पौलोमपर्व आणि नंतर दीर्घ आस्तीकपर्व ऐकावे लागते. भारताची मागणी पुन्हा होते ती आस्तीकपर्वाच्या अखेरीस, त्रेपन्नाव्या अध्यायात.

ही विसंगती किरकोळ नाही. एकच निवेदक त्याच श्रोत्यांसमोर त्याच सत्रात दोनदा पहिल्यांदा येऊ शकत नाही. ती दूर करणे तसे सोपे होते. चौथ्या अध्यायाचा आरंभीचा भाग गाळला असता, किंवा पहिले तीन अध्याय परिशिष्टात टाकले असते, तर कथा सरळ वाहिली असती. एखाद्या संक्षेपकाराने असे केले तर वाचकाच्या ते लक्षातही येणार नाही.

सुकथनकरांनी तसे केले नाही. उत्तरी आणि दाक्षिणात्य या दोन्ही वाचनांत, म्हणजे ग्रंथाच्या दोन्ही प्रमुख पाठपरंपरांत, हे दोन्ही आरंभ आढळतात. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथेही ते दोन्ही उभे आहेत. याचा अर्थ, दोन आरंभांचे एकत्रीकरण आपल्या हाती असलेल्या सर्व पोथ्यांच्या समान पूर्वजाच्याही आधी घडलेले असावे. संपादकाची सत्ता त्या पूर्वजापर्यंतच चालते. त्यापलीकडे एखादा अधिक सुसंगत ग्रंथ असलाच पाहिजे असे तर्काने वाटले, तरी तो छापण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून संहितेत दोन्ही आरंभ राहिले आणि प्रस्तावनेत त्यांच्यातील विरोध स्पष्ट शब्दांत नोंदवला गेला.

ही नोंद पुढे फलदायी ठरली. हा विरोध दडपला गेला असता, तर दुसऱ्या आरंभानंतर लगेच भृगुवंशच का येतो, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नसते. 1936 साली सुकथनकरांनी भृगू आणि भारत यांच्या संबंधावर जो प्रदीर्घ निबंध लिहिला, त्यात महाभारतभर विखुरलेल्या भार्गवकथांचा मागोवा घेऊन, ग्रंथाच्या घडणीत भार्गव परंपरेचा मोठा हात असावा असे अनुमान मांडले. हे अनुमान सर्वांना मान्य झाले आहे असे नाही. परंतु ज्या पुराव्याच्या आधारे त्यावर वाद होऊ शकतो, तो पुरावा जागेवर राहिला आहे.

विशेष म्हणजे, आपल्या आरंभाविषयी मतभेद आहेत याची कबुली खुद्द महाभारतच देते. काही जण भारताचा पाठ मनूपासून करतात, काही आस्तीकाच्या कथेपासून, तर काही उपरिचराच्या कथेपासून, असे पहिल्या अध्यायातच म्हटले आहे. उपरिचराची कथा सत्तावन्नाव्या अध्यायात येते. म्हणजे ज्याने हे विधान संहितेत ठेवले, त्याच्यासमोर निदान तीन प्रकारचे प्रारंभ होते आणि त्यांपैकी दोन खोडून एक ठेवण्याऐवजी त्याने ती भिन्नता सांगून टाकली. आधुनिक संपादकाने या बाबतीत आपल्या ग्रंथाचेच वळण गिरवले असे म्हणता येईल.

कर्णाने धनुष्य वाकवले की नाही?

दुसरी विसंगती महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जिव्हाळ्याची आहे. द्रौपदी-स्वयंवरात कर्ण पुढे होतो, धनुष्य सज्ज करून बाण लावतो, आणि तेवढ्यात आपण सूताला वरणार नाही असे द्रौपदी मोठ्याने सांगते. कर्ण सूर्याकडे पाहून अमर्षाने हसतो आणि धनुष्य खाली ठेवतो. नाटक-कादंबऱ्यांनी व 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनवर प्रसारित झालेल्या महाभारत मालिकेने हा प्रसंग घराघरांत पोचवला. द्यूतसभेतील कर्णाच्या वर्तनाची संगती अनेकदा याच अपमानाशी लावली जाते.

हा प्रसंग आहे नीळकंठी प्रतीत. नीळकंठ चतुर्धर हे सतराव्या शतकातील टीकाकार मूळचे गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातील होते. त्यांनी वाराणसीत 'भारतभावदीप' ही टीका लिहिली. निरनिराळ्या प्रदेशांतील पोथ्या जमवून त्यांतून उत्तम वाटले ते पाठ स्वीकारल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांची प्रत पुढे मुद्रणामुळे सर्वत्र रूढ झाली. आता याच नीळकंठी प्रतीत स्वयंवराची कथा थोडी पुढे वाचावी. ब्राह्मणवेषातील अर्जुन धनुष्याकडे निघतो, तेव्हा सभेतील ब्राह्मणांत चलबिचल होते. कर्ण, शल्य यांच्यासारख्या लोकविख्यात, बलवान, धनुर्वेदपारंगत क्षत्रियांना जे धनुष्य वाकवता आले नाही, ते हा दुबळा, अस्त्रविद्या न शिकलेला बटू कसे सज्ज करणार, असे ते म्हणतात.

म्हणजे एका अध्यायात कर्णाने धनुष्य सज्ज केले आहे, आणि पुढच्याच अध्यायात त्याला ते वाकवता आले नाही असे म्हटले आहे.

अशा ठिकाणी घाईने प्रक्षेपाचा शिक्का मारण्यापूर्वी विसंगती खरोखरच आहे का, हे तपासले पाहिजे. पहिला प्रश्न वक्त्याचा. धनुष्य सज्ज केल्याचे विधान निवेदकाचे आहे, ते वाकले नाही हे पात्रांचे म्हणणे आहे. पात्राची चूक होऊ शकते, पात्र अतिशयोक्तीही करू शकते. दुसरा प्रश्न शब्दार्थाचा. 'वाकवता आले नाही' याचा अर्थ 'पण जिंकता आला नाही' असा सैल घेतला, तर विरोध मावळतो. हे दोन्ही पर्याय अशक्य नाहीत. पण त्यांची किंमत मोजावी लागते. पहिल्या पर्यायात, सर्वांच्या डोळ्यांदेखत नुकत्याच घडलेल्या आणि द्रौपदीच्या उद्गारामुळे गाजलेल्या घटनेचा सभेतील ब्राह्मणांना तत्काळ विसर पडला असे मानावे लागते. दुसऱ्या पर्यायात, एका साध्या क्रियापदाला अन्यत्र नसलेला अर्थ येथेच चिकटवावा लागतो. अर्थ सांभाळण्यासाठी दर वेळी नवे गृहीतक आणावे लागत असेल, तर विसंगती खरी आहे असे समजण्यास हरकत नाही.

यानंतरचा प्रश्न तर्काने सुटत नाही, तेथे पोथ्यांकडेच जावे लागते. भांडारकर संस्थेत पाठ जुळवण्याची रीत ठरलेली होती. प्रत्येक श्लोक एका आखीव तक्त्याच्या माथ्यावर अक्षराखाली अक्षर येईल असा लिहावयाचा, प्रत्येक पोथीसाठी स्वतंत्र आडवी ओळ ठेवावयाची आणि जेथे भेद असेल त्याच रकान्यात तो भरावयाचा. कोणत्या पोथीत काय नाही, हे या तक्त्यावर नजर टाकताच कळते. आदिपर्वाच्या पाठचिकित्सेसाठी सुमारे साठ पोथ्यांचा उपयोग झाला. या तपासणीनंतर द्रौपदीच्या नकाराचा मजकूर मुख्य संहितेत राहिला नाही. तो काही उत्तरी पोथ्यांत आणि नीळकंठी प्रतीत असला, तरी सर्व पाठपरंपरांचा पाठिंबा त्याला नाही. दाक्षिणात्य पोथ्यांत तर वेगळीच हकिकत येते. तेथे कर्णाचा प्रयत्न केसाएवढ्या अंतराने हुकतो. चिकित्सक संहितेच्या 178व्या अध्यायात राजे एकामागून एक प्रयत्न करून अपयशी ठरतात, एवढेच सांगितले आहे. ब्राह्मणांचे कर्ण-शल्यांविषयीचे उद्गार मात्र 179व्या अध्यायात कायम आहेत.

आता विसंगतीचे कारण समजते. मूळ कथनात कर्ण अपयशी राजांपैकी एक होता आणि ब्राह्मणांचे बोलणे त्याला धरून होते. पुढे कोणीतरी नकाराचा प्रभावी प्रसंग घातला, पण पुढच्या अध्यायातील ते उद्गार बदलण्याचे त्याला सुचले नाही किंवा धाडस झाले नाही. ठिगळ लावले गेले, पण शिवण दिसत राहिली. ज्या परंपरेने ती प्रत जतन केली, तिनेही ती शिवण मिटवली नाही. एखाद्या चतुर लेखकाने ब्राह्मणांच्या तोंडून कर्णाचे नाव काढून टाकले असते, तर केवळ नीळकंठी प्रत वाचणाऱ्याला शंका घेण्यास जागाच उरली नसती. म्हणूनच नीळकंठी प्रतीवरून भाषांतर किंवा संक्षेप करणाऱ्याने नकाराचा प्रसंग ठेवून ब्राह्मणांचे 'अडचणीचे' वाक्य गाळले, तर तो केवळ एक श्लोक गाळत नाही. तो पुरावा नष्ट करतो.

येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. विसंगतीने संशय निर्माण केला, निर्णय मात्र पोथ्यांनी दिला. विसंगती हाच वगळण्याचा निकष मानला असता, तर दोन आरंभांपैकी एक आरंभही गेला असता. तेथे विसंगती अधिक ढळढळीत आहे, तरी पोथ्यांची साक्ष एकमुखी असल्याने तो राहिला. कर्णाच्या प्रसंगात पोथ्यांची साक्ष फुटलेली आहे, म्हणून तो तळटीपेत गेला.

जे आकडे जुळत नाहीत

तिसरे उदाहरण कोणताच निर्णय न होणारे आहे. दुसऱ्या अध्यायातील पर्वसंग्रह ही महाभारताची जणू स्वतःची सूची. चिकित्सक संहितेतील या सूचीप्रमाणे आदिपर्वाचे अध्याय 218 आणि श्लोक 7984 आहेत. प्रत्यक्ष चिकित्सक संहितेत अध्याय 225 आहेत आणि श्लोकसंख्या सात हजार दोनशेच्या आसपास आहे. म्हणजे सूचीपेक्षा अध्याय जास्त, श्लोक मात्र शेकड्यांनी कमी. दुसरीकडे नीळकंठी प्रतीच्या पर्वसंग्रहात आदिपर्वासाठी 227 अध्याय आणि 8884 श्लोक असे आकडे मिळतात.

संपादकाला येथे मोठा मोह होऊ शकला असता. तळटीपांत टाकलेल्या श्लोकांपैकी काही शे श्लोक परत घेतले आणि अध्यायांची तोडजोड थोडी बदलली, तर सूचीशी मेळ बसवता आला असता व ग्रंथाचीच साक्ष काढता आली असती. परंतु तसे करण्यात दोन अडचणी होत्या. ज्या सूचीने ग्रंथाची परीक्षा करावयाची, ती सूचीच पोथीगणिक बदलते. बदललेल्या ग्रंथाप्रमाणे सूचीचे आकडे सुधारण्याचे काम पूर्वीही झालेले असू शकते. दुसरी अडचण मोजणीची. आदिपर्वात पौष्यासारखे मोठे गद्य भाग आहेत. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून गद्य मोजावयाचे की नाही, सहा चरणांच्या श्लोकाला एक म्हणावयाचे की दीड, हे सूचीकाराने सांगितलेले नाही. तेव्हा सूची आणि संहिता यांतील अंतर नोंदवून ठेवणे, आणि त्यावरून संहितेत फेरफार न करणे, एवढेच प्रामाणिकपणे शक्य होते. ज्या विसंगतीचे कारण सांगता येत नाही, तिची नोंद अधिक महत्त्वाची ठरते, कारण पुढे मिळणाऱ्या पोथीला बोलण्यासाठी तीच जागा ठेवते.

आक्षेप आणि मर्यादा

या पद्धतीवर आक्षेप आले नाहीत असे नाही. सिल्व्हाँ लेव्ही या थोर फ्रेंच पंडिताने आरंभीच सुचवले होते की मूळ पाठाचा शोध सोडून नीळकंठी प्रतच छापावी आणि खाली पाठभेद द्यावेत. चिकित्सक संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नाही, ती कोणी कधी वाचली नसेल, हा या आक्षेपाचा गाभा आहे. सुकथनकरांनी प्रस्तावनेत त्याला उत्तर दिले. व्यासांचा मूळ शब्द मिळवण्याचा त्यांचा दावाच नव्हता. पोथ्यांच्या आधारे पोचता येईल असे जुन्यात जुने रूप, एवढीच त्यांची मर्यादा होती. जेथे पाठ निश्चित वाटला नाही, तेथे त्याखाली नागमोडी रेघ काढून त्यांनी ती अनिश्चितता छापील पानावरच दाखवली. पदरच्या दुरुस्त्याही अत्यल्प केल्या.

तथापि एक उणीव उरतेच. विसंगतीची नोंद आहे ती तळटीपांत, परिशिष्टांत आणि इंग्रजी प्रस्तावनेत. ज्याच्या हाती केवळ मुख्य संहिता किंवा तिचे भाषांतर येते, त्याला स्वयंवराची कथा अगदी एकसंध दिसते. त्याला नकाराचा प्रसंगही दिसत नाही आणि तो का दिसत नाही हेही कळत नाही. संहितेतील नागमोडी रेघाही भाषांतरात उतरत नाहीत. दोन आरंभ जसे वाचकाच्या डोळ्यांसमोर राहतात, तसा कर्णाचा प्रसंग राहत नाही. अनेक साक्षींमधील भेद नोंदवण्यासाठी रचलेले पानच पुढे एकच साक्ष म्हणून वापरले जाते.

याचा परिणाम मराठी चर्चेत जाणवतो. पूर्वी 'द्रौपदीने कर्णाला नाकारले' हे निर्विवाद सत्य म्हणून सांगितले जाई. आता चिकित्सक आवृत्तीचा हवाला देऊन 'असे काही घडलेच नाही' असे तितक्याच ठामपणे सांगितले जाते. ही दोन्ही विधाने सारखीच सदोष आहेत. पोथ्यांवरून एवढेच म्हणता येते की जुन्यात जुन्या उपलब्ध रूपात हा प्रसंग नव्हता, परंपरेच्या एका शाखेत तो दाखल झाला, आणि त्या शाखेच्या प्रतीतच त्याला छेद देणारे वाक्य टिकून राहिले. पहिल्या पक्षाने छेद देणारे वाक्य दडवले होते, दुसरा पक्ष परंपरेची ती संपूर्ण शाखाच दडवतो. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मधील विवेचनासाठी चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला. त्या ग्रंथावरील चर्चेतही कोणते विधान कोणत्या पाठावर उभे आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

समारोप

आदिपर्वाच्या तीन उदाहरणांवरून एक कार्यपद्धती हाती येते. विरोध दिसताच प्रथम वक्ता आणि शब्दार्थ तपासून तो खरा आहे का हे ठरवावे. खरा असेल, तर साक्षी एकमुखी आहेत की फुटलेल्या आहेत ते पाहावे. एकमुखी असतील, तर विरोध संहितेत राहू द्यावा आणि तो उघडपणे सांगावा. फुटलेल्या असतील, तर कोणती साक्ष काय म्हणते हे सांगून निर्णय द्यावा आणि वगळलेला मजकूर वाचकाच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा. निर्णय होत नसेल, तर आकडे तसेच उभे ठेवावेत.

महाविद्यालयीन अध्यापनात यासाठी वेगळ्या साधनसामग्रीची गरज नाही. स्वयंवराचे प्रकरण शिकवताना चिकित्सक आवृत्तीच्या 178 आणि 179 या अध्यायांची पाने तळटीपांसह विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत, त्यांच्याशेजारी नीळकंठी प्रतीतील तोच भाग ठेवावा आणि ब्राह्मणांचे बोलणे कर्णाच्या प्रयत्नाशी कसे जुळते, एवढाच प्रश्न विचारावा. ते जुळत नाही हे विद्यार्थ्याच्या लक्षात आले, तर त्याने पाठचिकित्सेला सुरुवात केली असे समजावे.